‘आदर राखावा’ या नियमाचं काय झालं?

गेल्या डिसेंबरात शहरातल्या एका शाळेत स्नेहसंमेलन झालं. नववीतला एक मुलगा नाच करताना स्टेजवर पाय घसरून पडला. उठला, हसला, नाच पूर्ण केला. विषय तिथेच संपायचा. पण शाळेत मुलांचं एक वार्ताफलक मंडळ आहे. आठवी-नववीचे सव्वीस पोट्टेपोट्टी दर सोमवारी जिन्याखालच्या फलकावर हाताने लिहिलेलं भित्तिपत्रक लावतात. त्या सोमवारी फलकावर त्याचा पडतानाचा फोटो लागला, खाली मथळा: ‘भूकंपाचे केंद्र सापडले’. मुलगा अंगाने जाड आहे, एवढं सांगितलं की बाकी तुम्हाला समजेल.

तो चार दिवस शाळेत आला नाही.

मंडळ पाहणाऱ्या मॅडमनी मुलांना विचारलं तेव्हा मुलं खरोखर गोंधळली होती. एकजण म्हणाला, “काऊन मॅडम, खोटं थोडीच आहे त्यात काही? पडला तर होता तो.” मॅडमनी मला फोन केला. “भाऊ, तुमच्या पत्रकारांची आचारसंहिता असते ना, तशी एक छोटीशी आमच्या मंडळाला करून द्या.”

मी हो म्हटलं आणि एका रात्रीत दीड पान लिहून नेलं. सत्य, आदर, समता, जबाबदारी, शिस्त. प्रत्येकाखाली तीन-तीन ओळी. वाचायला झकास. त्या शनिवारी वर्गात चोवीस मुलं हजर होती. वाचून झाल्यावर आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, मग तो फोटो याच्यात बसते का नाही बसत?”

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. हात वर करायला लावले. तेरा जण म्हणाले नियम मोडला, कारण ‘आदर’ राखला नाही. अकरा जण म्हणाले नियम पाळला, कारण ‘सत्य’ छापलं. दोन्ही बाजू माझ्याच कागदावर बोट ठेवून बोलत होत्या. ज्या घटनेसाठी आचारसंहिता करायला घेतली, त्या एकाच घटनेवर ती उत्तर देऊ शकली नाही. तो कागद मी घडी करून खिशात घातला.

हे सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे संस्था, सोसायट्या, मंडळं, शाळा सगळ्यांच्या आचारसंहिता अशाच असतात. फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या. भांडण झालं की त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, कारण पाहून उपयोग नसतो. आम्ही जानेवारीत पुढचे तीन शनिवार जे केलं, ते कुणाच्या कामी यावं.

तत्त्व आणि नियम यात फरक काय

मुलांना मी निवडणुकीचं उदाहरण दिलं, कारण आचारसंहिता हा शब्द त्यांनी तिथूनच ऐकला होता. मतदान मोकळ्या वातावरणात व्हावं, हे तत्त्व. त्यावर कुणाचंच दुमत नाही, आणि म्हणूनच त्यावरून कुणाला अडवताही येत नाही. आता लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३० पाहा. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करायचा नाही. शंभर मीटर मोजता येतात. रस्त्यावर चुन्याची रेघ ओढता येते. रेघेच्या आत उभा राहून पत्रक वाटणारा आणि त्याला हटवणारा शिपाई, दोघांनाही दिसतं की तो आत आहे.

एका मुलाने लगेच विचारलं, “मग १०१ मीटरवर उभं राहून वाटलं तर?” चालतं. नियमाची हीच किंमत असते. रेघ ओढली की रेघेच्या बाहेरचं काही वाईट सुटून जातं. पण रेघ नसली तर शिपायाच्या मनात येईल त्याला तो हटवणार. यातलं काय पत्करायचं ते आधी ठरवावं लागतं.

मग तत्त्वं फेकून द्यायची का? नाही. आपल्या संविधानानेच दोन्ही ठेवलीत. मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाता येतं. मार्गदर्शक तत्त्वांबद्दल मात्र अनुच्छेद ३७ मध्येच लिहून ठेवलंय की ती कोर्टामार्फत बजावता येणार नाहीत, तरीही देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत. आम्ही तेच केलं. तत्त्वं वर दोन ओळींत, आणि खाली एक वाक्य: ‘शिक्षा तत्त्वावरून होणार नाही, फक्त नियमावरून होईल.’

आधी चिठ्ठ्या, मग नियम

दुसऱ्या शनिवारी तत्त्वांपासून सुरुवातच केली नाही. प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. या वर्षी मंडळात तुम्हाला खटकलेली एक घटना लिहा, कुणाचंही नाव न लिहिता. एकतीस चिठ्ठ्या आल्या. टेबलावर ढीग लावले तर पाच ढीग झाले: न विचारता फोटो; नववीची मुलं आठवीच्या मुलांची बातमी आपल्या नावावर खपवतात; व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणं; शुद्धलेखनाच्या चुकांवरून सगळ्यांसमोर खिल्ली; आणि काही मुलांना वर्षभर लिहायची पाळीच मिळाली नाही.

माझ्या दीड पानात ‘शिस्त’ नावाचं अख्खं कलम होतं. त्या विषयावर एकही चिठ्ठी नव्हती. पाळी न मिळाल्याबद्दल सहा चिठ्ठ्या होत्या आणि माझ्या पानात त्यावर शब्द नव्हता. बाहेरच्या माणसाने बसल्या जागी लिहिलेल्या संहितेत हे हमखास होतं.

मग नियम लिहिताना प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न लावले. तीच घटना दोन वेगळ्या मुलांनी पाहिली तर दोघं एकच उत्तर देतील का? कुणी, काय, केव्हापर्यंत करायचं ते वाक्यात आहे का? आणि मोडला तर पुढे काय, ते ठरलंय का? तीनपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर वाक्य परत लिहायचं.

फोटोच्या नियमावर पूर्ण एक शनिवार गेला. पहिलं वाक्य होतं, ‘कोणाचा अपमान होईल असा फोटो लावू नये.’ पहिल्याच प्रश्नावर पडलं, कारण अपमान कुणाला वाटायला हवा? दुसरं वाक्य, ‘परवानगीशिवाय फोटो लावू नये.’ हे बरं होतं, पण मुलांनी दहा मिनिटांत त्याच्या चिंध्या केल्या. कवायतीच्या फोटोत दोनशे पोरं असतात, दोनशे जणांना विचारायचं? आणि समजा पडलेल्या मुलाला विचारलं असतं, “तुझा फोटो लावतो बे”, तर तो हो म्हणाला असता. मथळा त्याला कुठे माहीत होता?

या शेवटच्या मुद्द्यावर मी गप्प झालो. वीस वर्षांत मी कित्येकांकडून फोटो मागून घेतले असतील. त्याखाली मथळा काय जाणार, हे फार थोड्यांना दाखवलं असेल.

तिसरं वाक्य टिकलं: चेहरे ओळखू येणारी पाच किंवा कमी मुलं फोटोत असतील, तर प्रत्येकाला फोटो मथळ्यासकट दाखवायचा आणि वहीत सही घ्यायची. मोठ्या गटाच्या फोटोला सही नको, पण फोटोतल्या कुणीही ‘काढा’ म्हटलं तर त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत काढायचा. कारण विचारायचं नाही.

पाचच का, सहा का नाही? याला उत्तर नाही. शंभर मीटरच का, यालाही नाही. आकडा कुठेतरी थांबवावा लागतो, आणि तो सगळ्यांनी मिळून थांबवला की पुढे वाद होत नाही.

‘शाळेची बदनामी’

खरी अडचण इथे आली. मसुदा वर गेला तेव्हा संस्थेकडून एक ओळ सुचवली गेली: ‘शाळेची प्रतिमा मलीन होईल असे काहीही छापू नये.’

याला पार्श्वभूमी होती. नोव्हेंबरात मुलींच्या स्वच्छतागृहात तीन दिवस पाणी नव्हतं. आठवीच्या दोन मुलींनी बातमी लिहिली होती, ती लागली नाही. या एका ओळीने ती पुढेही कधी लागली नसती.

मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. चांगल्या बाई आहेत. मी म्हटलं, मॅडम, हाही नियम तीन प्रश्नांना लावून पाहू. प्रतिमा मलीन झाली हे कोण ठरवणार? त्या म्हणाल्या, मी. म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांनीच ठरवायचं की तक्रार करायची का नाही. मुलांच्या फोटोसाठी आपण ‘अपमान’ हा शब्द काढला, कारण तो मोजता येत नाही. मग शाळेसाठी ‘प्रतिमा’ कसा चालेल?

त्यांची बाजूही खोटी नव्हती. “भाऊ, उद्या कुणी ऐकीव लिहिलं, पालकांनी फोटो काढून व्हायरल केला, तर उत्तर मलाच द्यावं लागतं.” भीती खरी होती, फक्त तिच्यावरचा इलाज चुकीचा होता. ऐकीव लिहू नये हीच भीती असेल तर तेच नियमात लिहू. शेवटी ठरलं ते असं: शाळेतल्या सोयीबद्दलची बातमी दोन मुलांनी स्वतः पाहिलेली हवी, तारीख-वेळ हवी, आणि ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांना उत्तराला शाळेचा एक दिवस द्यायचा. उत्तर आलं तर छापायचं, नाही आलं तर ‘उत्तर मिळाले नाही’ असं छापायचं.

बातमी थांबवायचा अधिकार मुख्याध्यापिकांनी सोडला नाही. तो मी सोडवूही शकलो नाही. पण थांबवली तर कारण वहीत लिहून सही करायची, हे त्यांनी मान्य केलं. कारण लिहावं लागलं की माणूस दोनदा विचार करतो.

मोडला तर काय

इथे मुलं मोठ्यांपेक्षा कडक निघाली. दहा रुपये दंड, प्रार्थनेत नाव वाचणं, वर्गाबाहेर उभं करणं, सगळं सुचवून झालं. दंड काढला, कारण ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी तो दंड नसून तिकीट होतं. बाकीचं काढलं कारण शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केलीय. जे मास्तरांना करता येत नाही ते मुलांच्या मंडळालाही करता येणार नाही.

माफीचा मुद्दा त्या मुलानेच सोडवला. मुलं म्हणाली, आम्ही फलकावर मोठी माफी लावतो. मॅडमनी त्याला विचारलं. तो म्हणाला, “नको. परत सगळ्यांसमोर माझंच नाव येईल.” आम्ही कुणीही हा विचार केला नव्हता. म्हणून माफी कशी हवी, हवी का नको, हे ज्याला त्रास झाला तोच सांगणार.

तक्रार ऐकायला तिघं: मॅडम, आणि सत्राच्या सुरुवातीला चिठ्ठी टाकून निवडलेले आठवीचा एक, नववीचा एक. त्यांच्यापैकी कुणी प्रकरणात असेल तर पुढची चिठ्ठी. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकायच्या. तक्रार मॅडमबद्दलच असेल तर थेट मुख्याध्यापिकांकडे.

आणि एक ओळ ठळक. मारहाण, धमकी, नको तो स्पर्श, अश्लील फोटो किंवा जातीवरून शिवी, यापैकी काही असेल तर हे तिघं ऐकणारच नाहीत. त्याच दिवशी मुख्याध्यापिकांकडे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. शाळेने ‘आपसात मिटवू’ म्हणायची त्यात सोयच नाही. अशा वेळी मुलांची समिती चौकशीला बसली तर पीडित मुलाला तेच पुन्हा सांगावं लागतं आणि नाव शाळाभर होतं. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फलकावरच लिहून ठेवलाय.

जुन्या घटनांवर तालीम

मंजुरीआधी आम्ही चिठ्ठ्यांतल्या पाच जुन्या घटना घेऊन मसुदा त्यांच्यावर चालवून पाहिला. मुलांचे चार गट, प्रत्येकाने वेगळं बसून निकाल लिहायचा. चार घटनांत चारही गटांचा निकाल जुळला. फोटोचं प्रकरण आता मिनिटात सुटलं: सही नाही, नियम मोडला. ‘पण खरं होतं’ या वाक्याला जागाच उरली नाही.

पाचवी घटना आपटली. नियम होता, रात्री नऊनंतर ग्रुपवर मेसेज टाकायचा नाही. घटनेतला रात्री अकराचा मेसेज मुलीच्या वडिलांनी टाकला होता! ग्रुप पालकांच्या फोनवर चालतो, त्यांना मंडळाचे नियम कसे लावणार? तो नियम खोडून टाकला आणि ग्रुपची सेटिंग बदलली. आता फक्त मॅडम मेसेज टाकू शकतात, आणि ग्रुपवर सूचना सोडून काही येत नाही. जिथे कुलूप लावून भागतं तिथे नियम आणि पहारेकरी कशाला?

शेवटी जे उरलं ते एका पानात बसलं. कुणाला हवं असेल तर घ्या, आपल्या शाळेप्रमाणे बदला:

*आम्ही खरं लिहू. लिहिताना कुणाला एकटं पाडणार नाही. (शिक्षा तत्त्वावरून होणार नाही, फक्त नियमावरून होईल.)*

१. ओळखू येणारी पाच किंवा कमी मुलं असलेला फोटो मथळ्यासकट दाखवून, प्रत्येकाची वहीत सही घेऊनच लावायचा.

२. फोटोतल्या कुणीही ‘काढा’ म्हटलं की त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत काढायचा. कारण विचारायचं नाही.

३. सोयीबद्दलची बातमी: दोघांनी स्वतः पाहिलेली, तारीख-वेळेसह, उत्तरासाठी शाळेचा एक दिवस देऊन. थांबवली तर कारण वहीत, सहीसह.

४. ज्याने लिहिलं त्याचंच नाव. दोघांनी लिहिलं तर दोघांचं.

५. चुका लिहिणाऱ्याच्या कागदावर पेन्सिलने दाखवायच्या, सगळ्यांसमोर वाचायच्या नाहीत.

६. पाळीचा तक्ता फलकाशेजारी. सगळ्यांची एकदा झाल्याशिवाय कुणाची दुसरी नाही.

७. तक्रार सात दिवसांत, निकाल पुढच्या शाळेच्या पाच दिवसांत, दोन ओळी वहीत. मान्य नसेल तर एकदा मुख्याध्यापिकांकडे.

८. पहिल्यांदा: झालेलं दुरुस्त करायचं. त्याच सत्रात दुसऱ्यांदा: दोन अंक काम बंद. तिसऱ्यांदा: सत्र संपेपर्यंत मंडळाबाहेर.

९. मारहाण, धमकी, स्पर्श, अश्लील फोटो, जातीवरून शिवी: त्याच दिवशी मुख्याध्यापिकांकडे.

१०. ही संहिता एप्रिलअखेर संपते. जूनअखेर शाळा उघडली की नवी मुलं ती वाचून, बदलून, पुन्हा सह्या करतील.

मार्चअखेरपर्यंत तीन तक्रारी आल्या. दोन पाळीच्या तक्त्यावरून होत्या, तक्ता पाहूनच मिटल्या. तिसरीने आमची चूक दाखवली. एका मुलीने मैत्रिणीच्या फोटोवर सही घेतली होती, पण “सही नाही केली तर बोलणार नाही” असं म्हणून. वहीत सगळं बरोबर होतं आणि तरी चुकीचं होतं. म्हणून जूनमध्ये पहिल्या नियमात पाच शब्द वाढवायचं ठरलंय: ‘सही फोटो काढणाऱ्याने घ्यायची नाही.’ यानेही पूर्ण थांबेल असं नाही. दबाव वहीत दिसत नाही. तो दिसायला मॅडमनी मुलांकडे पाहावं लागतं, तो भाग कुठल्याही कलमात मावत नाही.

फेब्रुवारीत मात्र एक बातमी लागली. मुलींच्या स्वच्छतागृहात पुन्हा पाणी नव्हतं, दोन मुलींनी पाहिलं, तारीख-वेळ लिहिली, कार्यालयाला एक दिवस दिला. उत्तर आलं की मोटर जळलीय आणि गुरुवारपर्यंत बसेल. बातमीत उत्तरही छापलं. मोटर शुक्रवारी बसली, आणि पुढच्या सोमवारी मुलींनी तेही छापलं: ‘एक दिवस उशिरा.’

तो नववीतला मुलगा मंडळात नाही आणि यायचं म्हणतही नाही. सोमवारी फलकापाशी थांबतो, वाचतो, पुढे जातो. माझं पहिलं दीड पान अजून खिशातल्या डायरीत आहे.